जॉइनिंगची तारीख पुढे मागायची तर आधी लास्ट वर्किंग डे लेखी घ्या

प्रश्न: "मी पुण्यात एका आयटी सर्व्हिसेस कंपनीत चार वर्षं आहे. नोटीस पिरियड ९० दिवसांचा. इंटरव्ह्यूत '४५ दिवसांत येतो' असं बोलून बसलो आणि ऑफर लेटरवर १६ जुलै ही जॉइनिंग डेट आली. २ जूनला, सोमवारी, पोर्टलवर राजीनामा टाकला. आता मॅनेजर म्हणतो अर्ली रिलीज नाही, पूर्ण ९० दिवस भरा. नव्या कंपनीला तारीख पुढे मागितली तर ऑफर काढून घेतील का? की उरलेल्या दिवसांचे पैसे भरून, म्हणजे बायआउट करून निघू? ग्रॉस ९०,००० आणि बेसिक ३६,००० आहे."

तारीख पुढे मागितली म्हणून लगेच ऑफर जाते असं सहसा होत नाही. ऑफर जाते ती तारीख मागण्याच्या पद्धतीमुळे. मी भरतीच्या बाजूला काम करते, म्हणून तुमचा मेल आल्यावर त्या बाजूला काय होतं ते आधी सांगते. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

९० दिवसांच्या नोटिशीवर असलेला उमेदवार हातात ऑफर घेऊन तीन महिने बाजारात मोकळा असतो. राजीनामा दिलेला आहे, जॉबच्या साइटवर प्रोफाइल उघडं आहे, रोज फोन येतात, आणि प्रत्येक नवी ऑफर आधीच्यापेक्षा थोडी जास्त असते. त्यामुळे ऐनवेळी 'सॉरी, येत नाही' म्हणणारे खूप जण निघतात. म्हणून "घरगुती कारणामुळे तारीख थोडी पुढे मिळेल का" असा मेल आला, की रिक्रूटर पहिला अर्थ हाच काढते की याच्याकडे दुसरी ऑफर आलेली दिसते. ती तुम्हाला 'बघते' म्हणते आणि त्याच दुपारी यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला फोन लावते. यात तिचा काही आकस नाही. जागा भरून देणं हे तिचं काम आहे आणि तारखेला कोणी आलं नाही तर हायरिंग मॅनेजरला उत्तर तिलाच द्यावं लागतं.

म्हणजे तुम्हाला पटवायचंय ते एवढंच, की मी येणार हे नक्की आहे, फक्त माझ्या कंपनीने मला कागदावर अमुक तारखेपर्यंत बांधून ठेवलंय. हे शब्दांनी पटत नाही, कागदाने पटतं. त्यामुळे नव्या एचआरला आज काहीही लिहू नका. आधी जुन्या कंपनीकडून लास्ट वर्किंग डे लेखी घ्या. तो हातात नसताना मागितलेली तारीख हा अंदाज असतो, आणि अंदाज चुकला की दुसऱ्यांदा मागावं लागतं. पहिली मागणी बहुतेक जण मान्य करतात. दुसऱ्या मागणीला ऑफर खरोखर धोक्यात येते.

तुमचे ९० दिवस नेमके कधी संपतात

अपॉइंटमेंट लेटर काढा आणि नोटिशीचं कलम शब्दन् शब्द वाचा. सही केल्यानंतर पॉलिसी बदलली असेल तर नवी पॉलिसीही बघा, कारण बऱ्याच पत्रांत 'वेळोवेळी बदलणारे नियम लागू राहतील' असं वाक्य असतं. कलमात चार गोष्टी शोधायच्या.

पहिली म्हणजे '९० दिवस' लिहिलंय की 'तीन महिने'. हा फरक एक-दोन दिवसांचाच असतो, पण तुमच्या बाबतीत तोच नेमका शनिवार-रविवारवर येतोय. २ जून हा पहिला दिवस धरला तर जूनचे २९, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ३० मिळून नव्वदावा दिवस ३० ऑगस्टला, शनिवारी येतो. मोजणी दुसऱ्या दिवसापासून धरली तर ३१ ऑगस्ट, रविवार. तीन महिने असतील तर हिशेब १ सप्टेंबरपर्यंत, सोमवारपर्यंत जाऊ शकतो. शेवटचा दिवस सुट्टीवर आला की काही कंपन्या आदल्या शुक्रवारी सोडतात, काही पुढच्या सोमवारी येऊन लॅपटॉप जमा करायला सांगतात. तुम्ही १ सप्टेंबरला जॉइन होतो असं सांगून ठेवलं आणि जुन्या एचआरने १ सप्टेंबर हाच लास्ट वर्किंग डे लिहिला, तर एकाच दिवशी दोन ऑफिसांत हजेरी लागते. म्हणून 'ऑगस्टअखेर' असं मोघम उत्तर घेऊ नका, तारीखच लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, मोजणी कधीपासून सुरू होते. पोर्टलवर राजीनामा टाकल्याच्या दिवसापासून की मॅनेजरने तो मंजूर केल्यापासून? बहुतेक ठिकाणी टाकल्याचा दिवस धरतात, पण मॅनेजरने चर्चा करू म्हणत रिक्वेस्ट आठवडाभर तशीच ठेवली असेल तर पोर्टल कधी कधी मंजुरीच्या दिवसापासून मोजतं. पोर्टल उघडून तिथे दिसणारी तारीख बघा. ती तुमच्या हिशेबाशी जुळत नसेल तर आजच एचआरला मेल करा. ऑगस्टमध्ये हा मुद्दा काढलात तर कोणी दाद देणार नाही.

तिसरी, नोटिशीतली रजा. पुष्कळ कंपन्यांत नोटीस काळात घेतलेली रजा शेवटच्या तारखेत वाढवली जाते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला येते, म्हणजे अगदी तुमच्या शेवटच्या आठवड्यात. कोकणात जायचं म्हणून चार दिवस टाकले तर लास्ट वर्किंग डे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकतो आणि नव्या कंपनीला दिलेली तारीख कोलमडते. घरी गणपती असेल तर हे आत्ताच धरून चला. एक तर चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी तेवढी घ्या, नाही तर ते दिवस हिशेबात धरूनच नवी तारीख मागा.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'किंवा त्याऐवजी पगार' हे शब्द. काही पत्रांत 'दोघांपैकी कोणीही ९० दिवसांची नोटीस किंवा तितक्या दिवसांचा पगार देऊन करार संपवू शकेल' असं असतं. मग बायआउट हा तुमचाही हक्क ठरतो. आयटीतल्या बऱ्याच पत्रांत मात्र 'कंपनीच्या मर्जीनुसार' अशी जोड असते. तसं असेल तर तुम्ही पैसे ठेवायला तयार असलात तरी कंपनी नाही म्हणू शकते, आणि तिच्या संमतीशिवाय निघालात तर पैसे भरूनही रिलिव्हिंग लेटर अडकतं. तुमचा मॅनेजर 'अर्ली रिलीज नाही' म्हणतोय ते बहुधा याच जोडीच्या आधारावर. हे कलम वाचल्याशिवाय बायआउटचा विचार पुढे नेऊ नका.

बायआउटचा हिशेब

१६ जुलैला जॉइन व्हायचं तर जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस १५ जुलै. तोपर्यंत ४४ दिवस भरतात, ४६ कमी पडतात. आता पत्रात वसुली बेसिकवर आहे की ग्रॉसवर ते बघा. महिना ३० दिवसांचा धरला तर बेसिकवर दिवसाला १,२०० रुपये, म्हणजे ४६ दिवसांचे ५५,२००. ग्रॉसवर दिवसाला ३,०००, म्हणजे १,३८,०००. एकाच माणसाच्या तेवढ्याच दिवसांच्या हिशेबात ८२,८०० रुपयांचा फरक पडतो, म्हणून कोणी 'बायआउट करून टाक' असा सल्ला दिला तर आधी विचारा, कशावर?

शिल्लक प्रिव्हिलेज लीव्ह नोटिशीत वळती करून मिळते का, हेही विचारा. समजा १२ दिवस वळते झाले, तर कमी पडणारे दिवस ३४ उरतात आणि रक्कम बेसिकवर ४०,८०० किंवा ग्रॉसवर १,०२,००० होते. पण वळती केलेल्या रजेचे रोख पैसे मग मिळत नाहीत. त्यामुळे ही फुकटची सवलत नाही, तुमच्याच खिशातले पैसे दुसऱ्या बाजूने जातात. आणखी एक तपासा. कंपनी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, म्हणजे फुल अँड फायनलच्या कागदावर नोटीस वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर हरकत घ्या. नोटीस पे वसुलीवर जीएसटी लागत नाही असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केलेला आहे.

ही रक्कम नव्या कंपनीने उचलावी असं मागता येतं आणि घाईची जागा असेल तर त्या देतातही. सर्वसाधारण पद्धत अशी असते: पैसे आधी तुम्ही भरायचे, फुल अँड फायनलचा कागद दाखवायचा, मग पहिल्या किंवा दुसऱ्या पगाराबरोबर परत मिळतात. ते पगारात धरून त्यावर टीडीएस कापला जातो, म्हणजे भरलेले सगळे परत मिळत नाहीत. शिवाय वर्षभरात सोडलं तर रक्कम परत करायची अशी अट बहुतेक वेळा सोबत येते. कमाल मर्यादा किती, बेसिकवर देणार की ग्रॉसवर आणि अट किती महिन्यांची, हे ऑफर लेटरमध्ये किंवा निदान मेलवर यायला हवं. फोनवर 'करून देऊ' म्हटल्याचा पुढे उपयोग होत नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे

तुमची जागा कशासाठी उघडली आहे, यावर निम्मा निकाल असतो. बाहेर पडलेल्या माणसाच्या जागी घेतलं असेल तर टीम सध्या ओढाताणीत काम करत असते, पण सहा आठवडे आणखी निभावतात. कंपनीची स्वतःची उत्पादनं असतील किंवा ती परदेशी कंपनीचं इथलं सेंटर असेल, तर ९० दिवसांची नोटीस त्यांना नवी नाही आणि बहुतेक वेळा तारीख हलते. क्लायंटच्या प्रोजेक्टवर ठरावीक तारखेपासून बिलिंग सुरू होणार असेल तर मात्र अवघड आहे, कारण त्या खुर्चीवर माणूस नसेल तर कंपनीचं उत्पन्न थांबतं. क्लायंटने तुमचा वेगळा इंटरव्ह्यू घेतला होता का ते आठवा. घेतला असेल तर तुमचा प्रकार हाच असण्याची शक्यता जास्त. तिसऱ्या कंपनीच्या पेरोलवर कॉन्ट्रॅक्टची ऑफर असेल तर तारीख हलण्याची आशा फारशी धरू नका.

दुसरा भाग तुमच्या '४५ दिवसांत येतो' या वाक्याचा. अर्जाच्या फॉर्ममध्ये नोटीस पिरियड काय लिहिला होता? ९० लिहून तोंडी '४५ पर्यंत कमी होईल' म्हणाला असाल तर काम सोपं आहे. फॉर्ममध्येच ४५ लिहिला असेल तर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये हा फरक दिसेल, म्हणून तो तुम्हीच आधी सांगितलेला बरा. "अर्ली रिलीज मिळेल या अपेक्षेने मी ४५ दिवस सांगितले होते, ते मंजूर झालं नाही" एवढं वाक्य पुरतं. खरं आहे आणि रिक्रूटरने ते अनेकदा ऐकलेलं आहे.

जुन्या कंपनीत एक शेवटचा प्रयत्न

मॅनेजरचं 'नाही' बहुतेक वेळा तोंडी असतं आणि ते तुमच्या जागी कोण येणार हे ठरलेलं नसल्यामुळे असतं. त्याच्याकडे विनंती घेऊन जाण्याऐवजी केटीचा, म्हणजे तुमचं काम दुसऱ्याला शिकवून सोपवण्याचा, आराखडा घेऊन जा. कोणती मॉड्यूल्स तुमच्याकडे आहेत, प्रत्येक कोणाला आणि किती दिवसांत हस्तांतरित करता येईल, कोणते रिलीज तुमच्यावर अडलेले आहेत, हे एका पानावर मांडा. शेवटी तारीख मागा, तीही पाठोपाठ दोन: "३१ जुलैला सोडता येईल का? नसेल तर १४ ऑगस्टला?" एकच तारीख ठेवली तर नाही म्हणणं सोपं असतं. दोन ठेवल्या की बोलणं 'कधी' वर येतं. मॅनेजर अडून बसला तर हाच कागद एचआर बिझनेस पार्टनरला पाठवा, मॅनेजरला कॉपीत ठेवून. कोणत्या कंपनीत जाताय ते सांगायची गरज नाही.

याला पाच कामाचे दिवस द्या, त्यापेक्षा जास्त नको. पाचव्या दिवशी जी तारीख मेलवर असेल ती पक्की धरायची आणि नव्या कंपनीकडे वळायचं. १६ जुलैला अजून महिना हातात असताना तुम्ही तारीख मागताय, हीच गोष्ट तुमच्या बाजूने सगळ्यात जास्त बोलते. १० जुलैला तीच मागणी केली तर तीच रिक्रूटर म्हणेल की याने मुद्दाम शेवटपर्यंत लपवून ठेवलं.

मागायचं कसं

आधी फोन, मग त्याच दिवशी मेल. फोन रिक्रूटरलाच करा. हायरिंग मॅनेजरशी थेट ओळख झाली असली तरी रिक्रूटरला डावलून त्याच्याकडे गेलात तर ती दुखावते आणि पुढची सगळी कागदपत्रं तिच्याच हातात आहेत. फोनवर दोन मिनिटांत सांगा की रिलीजची तारीख लेखी आली आहे, ती अमुक आहे, मी येणार हे नक्की आहे आणि कागदासह मेल पाठवतोय. मेल ऑफर लेटर ज्या मेलमधून आलं त्यालाच उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे सगळा व्यवहार एका ठिकाणी राहतो.

मेल तुम्ही इंग्रजीतच लिहाल, पण मजकूर साधारण असा असावा:

"नमस्कार. ऑफर मी स्वीकारलेली आहे आणि जॉइन होण्याचं पक्कं आहे. २ जून रोजी राजीनामा दिला, त्याची पोचपावती सोबत जोडली आहे. अर्ली रिलीजसाठी मॅनेजर आणि एचआर या दोघांकडे लेखी विनंती केली होती. ती मंजूर झालेली नाही आणि माझा लास्ट वर्किंग डे २९ ऑगस्ट असा निश्चित झाला आहे, तो मेलही जोडला आहे. त्यामुळे जॉइनिंगची तारीख १६ जुलैऐवजी ३ सप्टेंबर करून मिळावी ही विनंती. तुम्हाला याहून लवकर गरज असेल तर बायआउटचा पर्याय माझ्या कंपनीत विचारून बघता येईल. त्याचा खर्च कंपनी उचलू शकेल का ते कळवावं. तारीख मान्य असल्यास सुधारित ऑफर लेटर मिळावं."

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते बघा. पहिलीच ओळ येण्याची खात्री देते, कारण वाचणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न तोच असतो. जोडलेले दोन कागद तिला हायरिंग मॅनेजरकडे जसेच्या तसे पुढे पाठवता येतात, म्हणजे तुमची बाजू तिला स्वतःच्या शब्दांत मांडावी लागत नाही. एकच तारीख दिली आहे, 'सप्टेंबरचा पहिला आठवडा' असं नाही. आणि बायआउटचं वाक्य चेंडू त्यांच्या बाजूला टाकतं: खरंच घाई असेल तर पैसे मोजा, नसेल तर थांबा. तुमच्या पत्रात बायआउटला जागाच नसेल तर मात्र हे वाक्य काढून टाका. जे करता येणार नाही ते कबूल करू नये.

२९ ऑगस्टच्या शुक्रवारनंतर सोमवारी १ सप्टेंबरला न जाता ३ सप्टेंबर का मागितली? लॅपटॉप जमा होणं, नो ड्यूज, पोर्टलवरचं क्लिअरन्स यांत एखादा दिवस सहज जातो, त्यात गणपतीच्या दिवसांत सही करणारा माणूस रजेवर असण्याची शक्यता मोठी. दोन दिवसांची मोकळीक तिथे कामी येते. नवी कंपनी फक्त सोमवारीच जॉइनिंग घेत असेल तर ८ सप्टेंबर मागा, पण आधी रिक्रूटरला विचारून घ्या. त्याहून जास्त दिवस, विश्रांतीसाठी किंवा फिरायला, यात घुसडू नका. कागदावर २९ ऑगस्ट आणि मागणी १५ सप्टेंबरची असेल तर मधले दोन आठवडे तिला खटकतात आणि कागदाने कमावलेला विश्वास जातो.

आजारपण, लग्न, घरातला कार्यक्रम अशी कारणं रचू नका. खरं कारण तुमच्याकडे आहे, त्याला कागदाचा आधार आहे, आणि रचलेल्या कारणाला तो कधीच नसतो.

उत्तर काय येऊ शकतं

'ठीक आहे' आलं तर काम अर्धंच झालं असं समजा. ऑफर लेटरमध्ये 'अमुक तारखेपर्यंत जॉइन न झाल्यास ही ऑफर आपोआप रद्द समजावी' असं वाक्य बऱ्याचदा असतं. तुमच्या पत्रात ते असेल तर १७ जुलैला जुनं पत्र संपलं. पुढे मॅनेजर बदलला किंवा बजेट कापलं गेलं, तर फोनवरच्या 'ठीक आहे' ला धरून काही मागता येत नाही. सुधारित ऑफर लेटर मिळायला हवं, ते जमत नसेल तर कंपनीच्या मेल आयडीवरून नवी तारीख लिहिलेलं स्पष्ट उत्तर. ऑनबोर्डिंगच्या पोर्टलवर तारीख बदललेली दिसतेय ना तेही बघा, कारण तिथे जुनीच राहिली तर १६ जुलैला सिस्टीम तुम्हाला 'आला नाही' म्हणून बंद करते. त्याच वेळी दोन प्रश्न विचारून घ्या: जॉइनिंग बोनस जुन्या तारखेशी बांधलेला होता का, आणि पुढच्या अप्रेझलला पात्र ठरायला कोणत्या तारखेआधी रुजू व्हावं लागतं. काही ठिकाणी ठरावीक तारखेनंतर आलेल्यांना पहिली पगारवाढ पुढच्या वर्षी मिळते. तारीख सरकवण्याची खरी किंमत अनेकदा इथे असते.

'१ ऑगस्टपेक्षा जास्त थांबू शकत नाही' असं मधलं उत्तर आलं तर फोनवर हो म्हणू नका. दोन दिवस मागून घ्या. ३१ जुलैला निघालात तर ६० दिवस भरतात आणि ३० कमी पडतात, म्हणजे बेसिकवर ३६,००० किंवा ग्रॉसवर ९०,०००. एवढी रक्कम नव्या कंपनीने लेखी मान्य केली, की ती घेऊन जुन्या एचआरकडे परत जा. नुसत्या विनंतीला नाही म्हणणारी कंपनी पैसे आणि पूर्ण झालेली केटी समोर ठेवल्यावर कधी कधी तयार होते. तयार झाली नाही तर त्यांचा नकार लेखी घ्या आणि तोच नव्या कंपनीला पाठवा. तुम्ही मागितलेल्या तारखेवर टिकून राहायला तुमच्याकडे त्याहून चांगला पुरावा नाही.

सरळ 'नाही' आलं तर भांडू नका. जागा पुन्हा उघडली तर कळवा असं लिहून ठेवा आणि दुसरीकडे अर्ज सुरू करा. एव्हाना तुमची नोटीस बरीच भरलेली असते. '२९ ऑगस्टला मोकळा, लेखी आहे' असा उमेदवार बाजारात ९० दिवसांवाल्यापेक्षा लवकर उचलला जातो. राजीनामा मागे घ्यायचा विचार असेल तर तो मंजूर झाल्यानंतर कंपनीच्या संमतीशिवाय मागे घेता येईल असं गृहीत धरू नका.

काहीच उत्तर आलं नाही तर तीन कामाच्या दिवसांनी त्याच मेलवर आठवण करा आणि आणखी तीन दिवसांनी फोन. तरीही शांतता असेल तर हायरिंग मॅनेजरला कॉपीत घेऊन तिसरा मेल पाठवा. न बोलता १६ जुलै उलटू देऊ नका. त्या तारखेच्या आधी लेखी काही आलं नाही, तर ऑफर हातात नाही असं धरून चाला.

जे करायचं नाही

नोटीस अर्धवट टाकून १६ जुलैला सरळ नव्या ठिकाणी जाणं. कोर्ट तुम्हाला जबरदस्तीने जुन्या खुर्चीत बसवणार नाही, हे खरं आहे. पण करारातली नोटिशीची रक्कम कंपनी मागू शकते, फुल अँड फायनल आणि रिलिव्हिंग लेटर अडवून ठेवते आणि रेकॉर्डवर 'अ‍ॅबस्कॉन्डिंग', म्हणजे न सांगता निघून गेला, असं लिहिते. नवी कंपनी व्हेरिफिकेशन करताना हाच शेरा वाचते, आणि तिथून पुढच्या प्रत्येक नोकरीत तो पुन्हा निघतो.

दुसरा मोह वर्क फ्रॉम होमचा. 'सहा आठवडे दोन्हीकडे लॉगिन ठेवू, कोणाला कळतंय' असा सल्ला तुम्हाला मित्रांकडून मिळेल. कळतं, आणि तेही कोणी चुगली न करता. पीएफचा यूएएन क्रमांक एकच असतो, त्यामुळे जुलै आणि ऑगस्टची वर्गणी दोन कंपन्यांकडून त्याच क्रमांकाखाली दिसते. करखात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये त्याच महिन्यांचा टीडीएस दोन कंपन्यांनी कापलेला दिसतो. जुन्या कंपनीने भरलेली एक्झिट डेट नवीन जॉइनिंगच्या नंतरची असली की दोन नोकऱ्यांचा काळ एकमेकांवर आलेला पीएफच्या रेकॉर्डवरही दिसतो. व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्सी पासबुक मागतात ते अशा गोष्टींसाठीच, आणि तिथे सापडलात तर दोन्ही नोकऱ्या जाऊ शकतात.

तारीख मिळाल्यानंतरचे दहा आठवडे

दर दोन आठवड्यांनी रिक्रूटरला दोन ओळींचा मेल टाका: केटीचा पहिला भाग झाला, लास्ट वर्किंग डे तोच आहे. यात नवीन काही नसलं तरी चालतं, तिला तिच्या शीटमध्ये तुमच्या नावापुढे हिरवा रंग ठेवता येतो. शेवटच्या पंधरवड्यात एचआरला विचारून घ्या की पहिल्या दिवशी रिलिव्हिंग लेटरच लागतं की राजीनामा मंजुरीचा मेल चालतो. पुष्कळ ठिकाणी मंजुरीचा मेल घेऊन रुजू करून घेतात आणि रिलिव्हिंग लेटर नंतर ठरावीक मुदतीत आणायला सांगतात. तुमच्या नव्या कंपनीला पत्र पहिल्याच दिवशी हवं असेल तर ते किती दिवसांत मिळतं हे जुन्या एचआरला ऑगस्टच्या मध्यालाच विचारा, २९ तारखेला नको.

आणि एवढं करूनही जुन्या कंपनीने ऑगस्टमध्ये तारीख हलवली, 'प्रोजेक्टचं रिलीज आहे, आणखी आठवडा थांबा' म्हणाली, तर मंजुरीचा जुना मेल समोर ठेवून नकार द्या. ९० दिवस भरल्यावर थांबायचं बंधन तुमच्यावर नाही. तोंडी आग्रह झाला तर 'मला २९ ऑगस्टला सोडण्याचं लेखी ठरलं आहे, त्याप्रमाणे त्या दिवशी हँडओव्हर पूर्ण करतोय' असा मेल एचआर आणि मॅनेजर दोघांना त्याच संध्याकाळी पाठवा, आणि पोर्टलवरच्या लास्ट वर्किंग डेचा स्क्रीनशॉट त्याला जोडा.